निफ्टी कोसळला, बँड रुंदावला

२३ मार्च २०२० च्या सोमवारी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळीच दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं आणि पाऊण तास व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले तसा निफ्टी आणखी घसरला. दिवसअखेर तो ७,६१० वर बंद झाला. एका दिवसात १,१३५ अंक, म्हणजे जवळजवळ तेरा टक्के गेले होते. त्या संध्याकाळी चार्टवर वीस दिवसांचे बोलिंजर बँड लावून पाहिले असते तर खालचा बँड ७,६८६ वर दिसला असता. एवढी ऐतिहासिक घसरण झाली आणि भाव बँडच्या बाहेर गेला तो फक्त ७५ अंकांनी.

त्याआधी साडेतीन आठवडे, २८ फेब्रुवारीला, निफ्टी ४३२ अंकांनी पडला होता. ही घसरण चार टक्क्यांहूनही कमी होती, पण त्या दिवशी बंद भाव खालच्या बँडच्या तब्बल २४० अंक खाली होता. चार टक्क्यांना मोठी बोंब आणि तेरा टक्क्यांना नुसतं कण्हणं, असा हा प्रकार वरकरणी दिसतो. साधन बिघडलेलं नव्हतं. त्याला जे गणित नेमून दिलं आहे ते त्याने दोन्ही दिवशी चोख केलं. ते गणित नेमकं कशाचं आहे हे मात्र बँड लावणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं. मोबाइलवरच्या ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये एक टिचकी मारली की तीन रेषा उमटतात, आणि रेषा उमटली की माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून २०२० च्या फेब्रुवारी ते मे या काळातला निफ्टीच घेऊ आणि बोलिंजर बँड व एमएसीडी, म्हणजे ट्रेडरांच्या बोलण्यातला ‘मॅकडी’, ही दोन साधनं त्यावर चालवून पाहू. पुढचे सगळे आकडे दैनंदिन बंद भावांवरून काढून पूर्णांकात दिले आहेत. सॉफ्टवेअरप्रमाणे दोन-चार अंकांचा फरक पडू शकतो.

जॉन बोलिंजर या अमेरिकन विश्लेषकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे बँड मांडले. त्याआधीही सरासरीच्या वर-खाली रेषा काढण्याची पद्धत होती, पण ते अंतर ठरावीक टक्क्यांचं असे. पाच टक्के वर, पाच टक्के खाली. बाजार शांत असला की भाव या रेषांपर्यंत पोचतच नसे, आणि बाजार खवळला की रेषा कुठल्या कुठे मागे पडत. मग टक्केवारी हाताने बदलत बसायची. बोलिंजरची कल्पना अशी की रुंदी आपण ठरवूच नये, बाजाराला ठरवू द्यावी. गेल्या वीस दिवसांच्या बंद भावांची साधी सरासरी ही मधली रेषा. प्रत्येक दिवसाचा भाव या सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी घेऊन तिचं वर्गमूळ काढायचं. हे झालं प्रमाण विचलन. त्याच्या दुपटीएवढं अंतर सरासरीच्या वर आणि तेवढंच खाली घेतलं की बँड तयार.

२७ फेब्रुवारीला हे गणित असं होतं: सरासरी ११,९७२, प्रमाण विचलन १८०, म्हणून बँड ११,६१२ ते १२,३३४. निफ्टी ११,६३३ वर बंद झाला. चार सत्रं सलग पडूनही तो खालच्या बँडच्या जेमतेम आत होता. दुसऱ्या दिवशी तो ११,२०२ वर आला. कालच्या बँडशी तुलना केली तर तो ४१० अंक बाहेर होता. पण चार्टवर आपल्याला कालचा बँड दिसत नाही, आजचा दिसतो, आणि आजच्या बँडच्या हिशेबात आजचा भाव स्वतःच धरलेला असतो. ११,२०२ हा आकडा आत शिरताच सरासरी थोडी खाली आली, प्रमाण विचलन १८० वरून २४७ झालं आणि खालचा बँड ११,६१२ वरून ११,४४१ वर सरकला. ज्या भावाचं मोजमाप घ्यायचं त्याच भावाने फूटपट्टी ताणली.

ही गोष्ट बारीक वाटेल, पण तिचा एक टोकाचा परिणाम आहे. वीसऐवजी पाच दिवसांचा बँड घेतला आणि रुंदी दोन प्रमाण विचलनांचीच ठेवली, तर बंद भाव त्या बँडच्या बाहेर कधीच जाऊ शकत नाही. बाजार निम्म्यावर आला तरी नाही. पाच आकड्यांपैकी एक आकडा इतर चारांपासून कितीही लांब गेला, तरी त्याचं सरासरीपासूनचं अंतर त्याच पाचांच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीपलीकडे जात नाही, हे बीजगणितानेच बांधलेलं आहे. वीस दिवसांसाठी ही मर्यादा चार पटींहून थोडी जास्त येते, म्हणून तिथे भाव बाहेर पडू शकतो. ‘लवकर सिग्नल मिळावा’ म्हणून बँडचा कालावधी पाचवर आणणाऱ्याला मग सिग्नलच का मिळत नाही, याचं उत्तर इथे आहे.

आता २३ मार्चकडे परत येऊ. त्या दिवशीच्या वीस भावांत फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातले ११,८०० च्या आसपासचे भाव होते आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातले साडेआठ हजारांच्या आसपासचेही. दोन्ही टोकं एकाच हिशेबात आल्यामुळे प्रमाण विचलन १,३०२ वर पोचलं, महिन्याभरापूर्वीच्या सातपटीहून अधिक. सरासरी १०,२९० होती, म्हणजे प्रत्यक्ष भावाच्या २,६८० अंक वर. दुप्पट प्रमाण विचलन वजा केलं की खालचा बँड ७,६८६ वर येतो. रोजच्या पडझडीबरोबर बँड इतका रुंदावत गेला होता की तेरा टक्क्यांची उडी घेऊनही निफ्टी त्याच्या काठाशीच राहिला.

त्याच दिवशीचा वरचा बँडही बघण्यासारखा आहे. तो १२,८९४ वर होता. जानेवारी २०२० मध्ये निफ्टीने दिवसभरातला जो विक्रमी उच्चांक गाठला होता तो १२,४३० च्या आसपासचा. म्हणजे बाजार इतिहासातल्या एका सर्वात वाईट दिवशी रसातळाला जात असताना वरचा बँड त्याने कधीही न पाहिलेल्या उंचीवर चढला होता. ‘भाव ९५ टक्के वेळा दोन बँडच्या मध्येच राहतो’ असं क्लासमध्ये शिकवलं जातं. ते मनात धरून हा चार्ट वाचणाऱ्याने काय समजायचं? निफ्टी १२,८९४ पर्यंत जाण्याची शक्यता आहे, असं? बँड तसं काही सांगत नाही. ९५ टक्क्यांचा नियम एकमेकांशी संबंध नसलेल्या, घंटेच्या आकाराच्या वक्रात बसणाऱ्या आकड्यांसाठी आहे. बाजाराचे भाव तसे नसतात, कारण आजचा भाव कालच्या भावावरच उभा असतो. बँड एवढंच सांगतो की गेल्या वीस दिवसांत भाव किती पसरला. तो पसारा वरच्या दिशेने होता की खालच्या, हे त्याला माहीत नसतं, कारण वर्ग करताना वजा-अधिक चिन्ह गळून पडतं. एका दिशेने झालेली पडझड दोन्ही बाजूंना सारखीच रेखाटली जाते.

बँडला भाव टेकला म्हणजे खरेदी किंवा विक्रीचा सिग्नल मिळाला असं नाही, हे खुद्द बोलिंजरनेही बजावून ठेवलं आहे. जोरदार मंदीत भाव खालच्या बँडला चिकटून दिवसच्या दिवस चालतो. मार्च २०२० मध्ये ‘बँडला टेकला, आता उसळेल’ म्हणून खरेदी करणाऱ्याला प्रत्येक वेळी आणखी खाली बँड मिळत गेला.

तळानंतर काय झालं? सर्वात कमी बंद भाव २३ मार्चचा, आणि दिवसभरातला नीचांक ७,५११ हा २४ मार्चचा. बँड सर्वात रुंद झाला तोही २४ मार्चलाच, ५,४०० अंकांहून जास्त. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता आणि लॉकडाउनचा पहिला दिवसही. निफ्टी त्या दिवशी साडेसहा टक्क्यांहून अधिक वाढला. तिथून पुढे बँड आक्रसत गेला खरा, पण तो बाजार निवळला म्हणून तेवढा नव्हे, तर फेब्रुवारीचे आणि मार्चच्या पहिल्या आठवड्याचे उंच भाव वीस दिवसांच्या खिडकीतून एकेक करून बाहेर पडत होते म्हणून.

साध्या सरासरीची ही खोड विसरली जाते. तिच्यात रोज दोन घटना घडतात: एक नवा भाव आत येतो आणि एक जुना बाहेर जातो. रेषा किती हलली यात दोघांचा वाटा सारखाच. ८ एप्रिलला निफ्टी आदल्या दिवसापेक्षा फक्त ४३ अंकांनी खाली बंद झाला, पण मधली रेषा ११२ अंकांनी उतरली. त्या दिवशी ६ मार्चचा १०,९८९ हा भाव हिशेबातून गळला होता. महिन्यापूर्वीच्या एका शुक्रवारचा भाव आजच्या रेषेला खाली खेचतो, आणि चार्ट पाहणारा त्याचं कारण आजच्या बातमीत शोधतो. दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, निफ्टी ९,११२ वर बंद होऊन मधल्या रेषेच्या वर आला. तळापासून तो दीड हजार अंक चढला होता आणि तेवढ्या काळात रेषा दीड हजारांहून जास्त उतरली होती. भाव आणि सरासरी अर्ध्या वाटेवर भेटले. ‘भावाने वीस दिवसांची सरासरी ओलांडली’ हे वाक्य ऐकताना त्यात सरासरीने स्वतः किती वाट चालली हे विचारायला हवं.

एमएसीडीची घडण वेगळी आहे. न्यूयॉर्कच्या जेराल्ड अ‍ॅपेलने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते बनवलं. त्यात घातांकी सरासरी वापरतात. जुना भाव एका फटक्यात बाहेर पडत नाही, त्याचं वजन रोज थोडं थोडं विरत जातं. बारा दिवसांच्या सरासरीत आजच्या भावाला सुमारे १५ टक्के वजन मिळतं, सव्वीस दिवसांच्या सरासरीत सात-साडेसात टक्के. वेगवान सरासरीतून संथ सरासरी वजा केली की एमएसीडीची रेषा मिळते. त्या रेषेचीच नऊ दिवसांची घातांकी सरासरी म्हणजे सिग्नल रेषा. या दोन रेषांमधलं अंतर खांबांच्या रूपात दाखवणारा हिस्टोग्राम थॉमस अ‍ॅस्प्रे याने १९८६ मध्ये जोडला. सर्वसाधारण वाचन असं: एमएसीडी सिग्नल रेषेच्या वर गेली तर खरेदी, खाली गेली तर विक्री, आणि शून्याच्या वर गेली तर तेजी पक्की.

या साधनाला त्याचं श्रेय आधी देऊन टाकू. २४ फेब्रुवारीला, पडझडीच्या पहिल्याच सत्रात, निफ्टी ११,८२९ वर असताना एमएसीडीची रेषा सिग्नल रेषेच्या खाली आली. ज्याने तो सिग्नल पाळला तो ७,६१० पर्यंतच्या घसरणीतून वाचला. पण त्याच्या दोनच आठवडे आधी, १० फेब्रुवारीच्या सुमारास, याच साधनाने निफ्टी १२,००० च्या वर असताना खरेदीचा सिग्नल दिला होता. त्या सौद्यात दोन-तीनशे अंक गेले. मोठ्या घसरणीतून वाचवणारा एक सिग्नल आणि त्याच्या आगेमागे असे छोटे फटके, हा या साधनाचा नेहमीचा हिशेब आहे. आडव्या बाजारात महिनोन् महिने नुसते फटकेच मिळतात.

तळाशी मात्र त्याची चाल जवळून पाहावी. २३ मार्चला निफ्टी तेरा टक्के पडला तेव्हा वेगवान सरासरी ३०४ अंक उतरली आणि संथ सरासरी २१०. वेगवान सरासरी तरीही भावाच्या पावणेसतराशे अंक वरच होती. एमएसीडी उणे ९५७ वर पोचली. दुसऱ्या दिवशी निफ्टी १९० अंक वाढला, पण एमएसीडी आणखी खाली, उणे १,००४ वर गेली, कारण भाव वाढला तरी तो दोन्ही सरासऱ्यांच्या फार खाली होता आणि वेगवान सरासरी त्याच्याकडे अधिक वेगाने ओढली जात होती. मग एमएसीडी वळली आणि ३१ मार्चला सिग्नल रेषेच्या वर गेली. निफ्टी तेव्हा ८,५९८ वर होता, तळापासून ९८७ अंक वर. खरेदीचा सिग्नल आला तेव्हा तेरा टक्क्यांची वाढ होऊन गेली होती.

त्यापुढची दोन सत्रं मला या साऱ्या कथेत सर्वात बोलकी वाटतात. १ एप्रिलला निफ्टी ८,२५४ वर आला, ३ एप्रिलला ८,०८४ वर. मध्ये रामनवमीची सुट्टी होती. दोन सत्रांत ५१४ अंक, म्हणजे सहा टक्के गेले. या दोन्ही दिवशी एमएसीडी वर चढली. हिस्टोग्रामचे खांब शून्याच्या वर राहिले आणि किंचित उंचही झाले. भाव पडतोय आणि ‘मोमेंटम सुधारतोय’ असं चार्ट सांगतोय.

३ एप्रिलचा हिशेब मांडला की कोडं सुटतं. त्या दिवशी वेगवान सरासरी ९० अंक उतरली आणि संथ सरासरी १०२ अंक. वेगवान सरासरीने मार्चची पडझड बऱ्यापैकी पचवली होती. संथ सरासरी अजून ९,४०० च्या आसपास होती, भावापासून जवळजवळ तेराशे अंक वर, आणि तिचं मार्चच्या मध्याचं देणं अजून फिटायचं होतं. ती खाली येत होती ती एप्रिलच्या मंदीने कमी आणि मार्चच्या थकबाकीने जास्त. संथ रेषा वेगवान रेषेपेक्षा जास्त उतरली की दोघींतलं अंतर कमी होतं, आणि अंतर कमी झालं की एमएसीडी वर जाते. साधनाने सुधारणा म्हणून जे दाखवलं ते जुन्या पडझडीची उशिरा आलेली नोंद होती. पुढच्या सत्रात, ७ एप्रिलला, निफ्टी पावणेनऊ टक्क्यांनी उसळला आणि ३१ मार्चचा सिग्नल बरोबर ठरल्यासारखा दिसला. त्या उसळीबद्दल एमएसीडीला ३ एप्रिलच्या संध्याकाळी काहीही ठाऊक असणं शक्य नव्हतं.

शून्याच्या वर जाण्याची वाट पाहणारा सावध ट्रेडर आणखी मागे राहिला. एमएसीडी जेमतेम शून्याच्या वर आली ती ३० एप्रिलला, निफ्टी ९,८६० वर असताना. तळापासून सव्वादोन हजार अंक, जवळजवळ तीस टक्के वाढ झाली होती. १ मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मग शनिवार-रविवार. सोमवारी, ४ मे रोजी, निफ्टी ५६६ अंकांनी पडून ९,२९४ वर बंद झाला.

हा उशीर किती, याचा अंदाज गणितानेच बांधता येतो. वीस दिवसांच्या साध्या सरासरीत आजच्या भावाचं वय शून्य आणि सर्वात जुन्या भावाचं एकोणीस दिवस धरलं, तर सरासरी वय साडेनऊ दिवस येतं. बाजार सरळ रेषेत चालला असेल तर मधली रेषा साडेनऊ दिवसांपूर्वीचा भाव आज दाखवत असते. बारा दिवसांच्या घातांकी सरासरीतल्या भावांचं सरासरी वय साडेपाच दिवस, सव्वीसच्या सरासरीत साडेबारा. यांची वजाबाकी म्हणजे सात. म्हणून बाजार रोज शंभर अंकांनी अखंड पडत राहिला तर एमएसीडी काही आठवड्यांनी उणे सातशेच्या जवळ जाऊन तिथेच थांबते. सिग्नल रेषा तिला गाठते, हिस्टोग्राम शून्यावर येतो आणि बाजार मात्र रोज शंभर अंकांनी पडतोच आहे. खांब लहान झाले म्हणजे घसरण थांबली असं वाचणाऱ्याची इथे फसगत होते. खांब लहान होणं म्हणजे घसरणीचा वेग आणखी वाढत नाहीये, एवढंच. सिग्नल रेषा तिच्या नऊ दिवसांच्या गुळगुळीतपणापायी आणखी सुमारे चार दिवस जोडते, ते वेगळंच.

मग दिवस कमी करावेत का? बारा-सव्वीसच्या जागी पाच-तेरा घेतले की सिग्नल लवकर येतो, हे खरं. पण सरासरी घ्यायचीच मुळी रोजची निरर्थक खळखळ दाबण्यासाठी. एका दिवसाची खळखळ आहे की नव्या चालीचा पहिला दिवस, हे त्या दिवशी ओळखण्याची सोय कुठल्याच सरासरीत नाही. पुढचे काही भाव आल्यावरच ते कळतं. थांबायचं कमी केलं की खोटे सिग्नल वाढतात, खोटे सिग्नल कमी केले की थांबायचं वाढतं. गेल्या पाच वर्षांच्या आकड्यांवर शंभर प्रकारचे कालावधी चालवून सर्वात फायद्याचा निवडण्याची हौस पुष्कळांना असते. त्यातून मिळतो तो गेल्या पाच वर्षांना बेतून शिवलेला आकडा.

आणखी एक समजूत मला जास्त घातक वाटते. बँड आणि एमएसीडी दोघांनीही एकच कौल दिला म्हणजे ‘डबल कन्फर्मेशन’ मिळालं, असं म्हणतात. पण दोघांचं खाद्य एकच आहे: त्याच दिवसांचे तेच बंद भाव. एकाच साक्षीदाराची जबानी दोन कारकुनांनी उतरवून घेतली तर साक्षीदार दोन होत नाहीत. खरंच दुसरा पुरावा हवा असेल तर तो भावाबाहेरून आला पाहिजे. त्या दिवशी किती शेअरची उलाढाल झाली, किती कंपन्या वाढल्या आणि किती पडल्या, किंवा इंडिया व्हीआयएक्स कुठे आहे. व्हीआयएक्स निफ्टीच्या ऑप्शनसाठी लोक आज जो भाव मोजायला तयार आहेत त्यावरून काढतात, म्हणून पुढच्या तीस दिवसांत किती चढउतार अपेक्षित आहे याचा अंदाज त्यात असतो. दिशा तोही सांगत नाही.

बँडचा एक उपयोग मात्र मला रास्त वाटतो. सौदा कुठल्या बाजूने करायचा हे त्याला न विचारता सौदा किती मोठा करायचा हे विचारावं. २७ फेब्रुवारीला दोन बँडमधलं अंतर सव्वासातशे अंक होतं, २४ मार्चला त्याच्या साडेसातपट. ज्याने दोन्ही दिवशी तेवढेच लॉट हातात ठेवले त्याने नकळत साडेसातपट जोखीम घेतली होती. रुंदी बघून लॉट कमी करणाऱ्याला उशिरा का होईना, सावरायला वाव मिळाला. २८ फेब्रुवारीच्या पहिल्या फटक्यापासून मात्र हा उपायही त्याला वाचवू शकत नव्हता, कारण आदल्या संध्याकाळी बँड अजून अरुंदच होता.

आणि दोन्ही साधनं बंद भावावर चालतात, हे दिवस चालू असताना विसरून चालत नाही. दुपारी साडेतीनपर्यंत चार्टवर दिसणारा आजचा बँड कच्चा असतो. प्रत्येक व्यवहारासरशी तो हलतो. १३ मार्च २०२० चा शुक्रवार याचं चांगलं उदाहरण आहे. सकाळी बाजार उघडताच सर्किट लागलं आणि निफ्टी ८,५५५ पर्यंत खाली गेला. त्या क्षणाचा खालचा बँड काढला तर तो ९,४६४ येतो. म्हणजे निफ्टी बँडच्या नऊशे अंक खाली होता, २३ मार्चच्या बारापट. त्या वेळी पडद्यासमोर बसलेल्याला एमएसीडीही तशीच भेसूर दिसत होती. मग बाजार फिरला आणि निफ्टी ९,९५५ वर, आदल्या दिवसापेक्षा ३६५ अंक वर बंद झाला. बंद भावाने काढलेला त्या दिवसाचा खालचा बँड ९,८८६. संध्याकाळी निफ्टी बँडच्या आत होता. आज कोणी बंद भावांवर या दोन साधनांची जुनी कामगिरी तपासायला बसला, तर त्या शुक्रवारी त्याला बँड मोडल्याची नोंदच सापडत नाही. सकाळी घाबरून विकलेला माणूस मात्र त्या दिवशी नीचांकाच्या आसपास विकून बसलेला होता.